यंत्रमागाच्या शेडमधला उजेड कलरिस्टला कसा सांगावा

मी सोलापूरच्या साखर पेठेत वाढले. बाबा यंत्रमागावर काम करतात, त्यांच्यावरच १५ मिनिटांचा लघुपट केलाय. मे महिन्यात शूट केला, सगळं लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर भरता यावेत अशा फिकट चित्रात. पुण्यातले एक कलरिस्ट त्याच्या रंगकामासाठी दोन दिवस देणार आहेत. त्यांनी विचारलं, लूक काय हवा, रेफरन्स पाठवा. मी इंटरनेटवरून तीस-चाळीस फ्रेम जमवून पाठवल्या आणि सोबत ‘वॉर्म, सिनेमॅटिक, थोडा डार्क’ असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘यातलं नेमकं काय?’ सर, हे नेमकं कसं लिहायचं?

---

त्या तीस-चाळीस फ्रेम सध्या बाजूला ठेवा. आधी स्वतःच्या फुटेजमधून तीन फ्रेम काढा: दिवसा मागावर असलेल्या बाबांचा चेहरा, दुपारचा बाहेरचा रस्ता आणि रात्रपाळी. तुमचं फुटेज मी पाहिलेलं नाही, पण सोलापुरातल्या अशा शेडमध्ये गेली अठरा वर्षं कॅमेरा लावत आलोय. म्हणून तुमच्या फ्रेममध्ये काय असणार याचा अंदाज बांधून लिहितो. चुकलं तर तेवढं बदलून घ्या.

पहिला प्रश्न रेफरन्सचा नाहीच. शेडमधला कुठला उजेड ‘पांढरा’ मानायचा, हे आधी ठरायला हवं. शेडमध्ये दिवसा दोन उजेड असतात. छताच्या पत्र्यांमध्ये बसवलेल्या पारदर्शक पत्र्यातून उतरणारा दिवसाचा उजेड निळसर असतो. मागावर टांगलेल्या ट्यूबलाइटच्या उजेडात हिरवट झाक असते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही पांढरेच वाटतात, कारण डोळा आपोआप जुळवून घेतो. कॅमेरा जुळवून घेत नाही. बाबांच्या डाव्या गालावर छताचा उजेड आणि उजव्या गालावर ट्यूब असेल, तर लॉगच्या फिकट चित्रातही एक गाल निळसर आणि दुसरा हिरवट दिसेल.

कलरिस्टने ट्यूबचा हिरवा घालवायचा तर हिरव्याच्या विरुद्धचा जांभळट गुलाबी रंग मिसळावा लागतो. तो सगळ्या चित्रात मिसळला की ट्यूबखालची भिंत शुद्ध होते, पण छताच्या उजेडातला गाल गुलाबी पडतो. छताचा उजेड शुद्ध केला, तर ट्यूबखालचं सगळं आणखी हिरवं होतं. दोन्ही एकदम पांढरे करायचे तर चेहरा वेगळा निवडून, त्याभोवती मास्क लावून तो माणसासोबत हलवत न्यावा लागतो. एका शॉटमध्ये हे जमतं. पण पंधरा मिनिटांत समजा दीडशे शॉट आहेत आणि दोन दिवस म्हणजे कामाचे सोळा तास. एका शॉटच्या वाट्याला साडेसहा मिनिटंसुद्धा येत नाहीत. त्यात रेंडर आणि पुन्हा पाहणंही आलं. म्हणून हा निर्णय कलरिस्टवर सोपवायचा नाही. तो तुमचा आहे.

मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं: ‘शेडमध्ये छतातून येणारा दिवसाचा उजेड पांढरा धरा. ट्यूबचा हिरवटपणा भिंतीवर आणि मागाच्या लोखंडावर राहू द्या, तो या जागेचा आहे. फक्त बाबांच्या चेहऱ्यावर तो आजारपणासारखा दिसू नये. ज्या दहा शॉटमध्ये चेहरा जवळून दिसतो त्यांची यादी खाली देतेय. तिथे मास्क लावा, बाकी ठिकाणी नको.’ पाच वाक्यांत वेळेचाही हिशोब झाला आणि लूकचाही. ‘मास्क’ सोडला तर या मजकुरात एकही तांत्रिक शब्द नाही, तरी कलरिस्टला पहिल्या तासात काय करायचं ते कळतं.

‘वॉर्म’ या शब्दाबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी गड्ड्याच्या यात्रेवर एक छोटा माहितीपट केला होता. मुंबईच्या एका स्टुडिओत काम झालं. मी लिहून दिलं होतं, ‘वॉर्म, सोनेरी’, आणि सोबत संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची एकच फ्रेम जोडली होती. कलरिस्टने सांगितल्याप्रमाणे केलं, फार सुंदर केलं. सोलापुरात दाखवला तेव्हा पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, ‘ही आपली बाराबंदी नव्हे.’ नंदीध्वजासोबत चालणाऱ्यांची बाराबंदी पांढरीशुभ्र असते, पडद्यावर ती लोण्यासारखी पिवळी झाली होती. मला हवी होती त्वचेची ऊब आणि मी मागितली होती सगळ्या चित्राची ऊब. पुन्हा पैसे भरून सगळं काम नव्याने करावं लागलं. दुसऱ्या वेळी लिहिलं, ‘बाराबंदी पांढरी राहू द्या, सावलीत थोडी निळी पडली तरी चालेल. चेहऱ्यावर आणि पितळेवर ऊन लागल्याचं कळू द्या.’ त्या वाक्यावर पहिल्याच फेरीत काम बसलं.

म्हणून ‘वॉर्म’ लिहायचंच असेल तर लगेच पुढे लिहा: काय उबदार हवं आणि काय उबदार नको. तुमच्या बाबतीत मला वाटतं त्वचा, लाकूड आणि चहाचा ग्लास उबदार असावा. सूत नको, लोखंड नको.

आता रेफरन्स. कलरिस्टला तीस फ्रेम पाठवल्या की तो त्यांची सरासरी काढत बसतो आणि सरासरीला स्वतःचा असा चेहरा नसतो. प्रत्येक प्रसंगाला एक, फार तर दोन फ्रेम पुरतात. प्रत्येक फ्रेमखाली दोन वाक्यं हवीत: यातून काय घ्यायचं आणि यातलं काय सोडायचं. दुसरं वाक्य बहुतेक जण लिहितच नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. समजा तुम्ही खिडकीशी बसलेल्या एका शिंपिणीची फ्रेम निवडली. तुम्हाला त्यात आवडलीय ती खिडकीपासून भिंतीपर्यंत हळूहळू उतरत जाणारी सावली. कलरिस्टला दिसते ती निळी भिंत. तो तुमच्या शेडच्या सावल्यांत निळा ओततो. खाली लिहिलेलं असतं, ‘उजेड ते सावली हा उतार घ्या, निळा रंग सोडा, आमच्या भिंती चुन्याच्या आहेत,’ तर अर्धा दिवस वाचला असता.

निवडताना मी एकच कसोटी लावतो. रेफरन्समधला उजेड माझ्या फ्रेममध्ये त्याच दिशेने आणि तेवढाच कडक येतोय का? ग्रेडिंगने, म्हणजे कलरिस्टच्या रंगकामाने, रंग बदलतो, गडद-फिकट बदलतं, पण सावली कुठे पडली ते बदलत नाही. तुम्ही मे महिन्यात शूट केलंय. सोलापूर साधारण साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि तापलेल्या डांबरी-मातीच्या रस्त्यावरून परतणारा उजेड हनुवटीला खालून लागतो. त्यावर ढगाळ हवेतल्या मऊ उजेडाची परदेशी फ्रेम दिली, तर कलरिस्ट डोळ्यांच्या सावल्या वर उचलत बसेल. तिथे फुटेजमध्ये फारसं काही नसेल तर राखाडी, किरकिरीत ठिपके तेवढे वर येतील. स्क्रीन थोडी मोठी करून डोळ्यांभोवती पाहा. त्वचेऐवजी धूळ हलतेय असं वाटलं, तर सावली तिच्या ताकदीबाहेर ओढली गेलीय.

दुपारच्या रस्त्यासाठी बाहेरचा रेफरन्स नसला तरी चालेल, साधं वर्णन पुरेल. मी असं लिहीन: ‘मेची दुपार, दीड वाजलाय. आकाश निळं नाही, पांढुरकं आहे, तापलेल्या पत्र्यासारखं. निळं करू नका. रस्ता पाहताना डोळे बारीक व्हावेत. हातगाडीवरच्या चादरींचे रंगही इथे थोडे विटल्यासारखे वाटू द्या, शेडमध्ये गेल्यावर ते पुन्हा भरले पाहिजेत.’ पुण्या-मुंबईच्या माणसाला सोलापूरची दुपार माहीत असेलच असं नाही. हे सांगितलं नाही, तर तो प्रामाणिकपणे चूक समजून ती दुरुस्त करेल, आकाशात निळा भरेल, आणि तुमची दुपार हिल स्टेशनची होऊन जाईल. मात्र आकाश शूटिंगच्या वेळीच जळून सपाट पांढरं झालं असेल, तर त्यात तपशील मागू नका. जे नोंदलंच गेलं नाही ते परत येत नाही.

इंटरनेटवरून फ्रेम घेताना एवढं सांभाळा: पोस्टर आणि प्रसिद्धीची छायाचित्रं घेऊ नका. ती अनेकदा स्टिल फोटोग्राफरने वेगळ्या कॅमेऱ्याने काढलेली आणि वेगळी रंगवलेली असतात, चित्रपटात तसं दिसतच नाही. एचडीआर व्हिडिओचा स्क्रीनशॉटही फसवतो, तो बऱ्याचदा फिकट, राखाडी येतो आणि तुम्हाला तोच लूक वाटतो. फ्रेम व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवल्या तर दाबल्या जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तुमच्या स्वतःच्या फ्रेमच्या नावात टाइमकोड ठेवा, म्हणजे शोधाशोध होत नाही:

```
01_shed_chehra_00-02-14-08.png
02_rasta_dupar_00-05-40-12.png
03_ratrapali_00-09-31-00.png
```

‘थोडा डार्क’ हे तुमच्या रात्रपाळीबद्दल असावं असं धरतो. या शब्दात निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. सगळं चित्र एकसारखं मंद करणं हा एक अर्थ. चेहरा नीट उजळ ठेवून बाकी काळोखात ढकलणं हा दुसरा. काळा रंग दाट, शाईसारखा करणं हा तिसरा. पहिल्यात प्रेक्षक ताणून पाहतो, दुसऱ्यात तो चेहऱ्याला चिकटतो. कलरिस्टला यातलं कोणतं हवंय ते कसं सांगायचं? मी ‘दिसण्याची यादी’ करतो. फ्रेम समोर ठेवायची आणि काय दिसलंच पाहिजे, काय अर्धवट दिसलं तरी चालेल आणि काय हरवून जाऊ दे, ते लिहायचं.

तुमच्यासाठी उदाहरण: ‘रात्रपाळी. बाबांच्या डोळ्यांतला पांढरा भाग आणि हातांची बोटं दिसलीच पाहिजेत. धोटा ये-जा करतो त्याची चमक दिसली पाहिजे, नजर तिथेच जावी. मागच्या भिंतीवरचं सिद्धेश्वरांचं चित्र आहे एवढं कळावं, पण ते कोणाचं आहे ते पहिल्या नजरेत कळलं नाही तरी चालेल. पलीकडची मागांची रांग काळोखात हरवू द्या. दाराबाहेरचा रस्ता पूर्ण काळा नको, आतल्यापेक्षा थोडा निळा हवा, म्हणजे बाहेर थंडावा आहे असं वाटेल.’ हे वाचून कलरिस्ट आपोआप काळ्याची पातळी, चेहऱ्याची उंची आणि दाराचा रंग ठरवू शकतो. त्याची हत्यारं तो तुमच्यापेक्षा चांगली जाणतो. तुम्ही ‘गॅमा खाली घ्या’ असं लिहिलंत, तर तो गॅमा खाली घेईल आणि बोटं नाहीशी होतील.

रात्रीच्या फ्रेममध्ये एक गोष्ट आत्ताच तपासा. चोकवाल्या जुन्या ट्यूबचा उजेड आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. २४ फ्रेमवर १८० अंशांचं शटर, म्हणजे १/४८ सेकंद ठेवलं असेल, तर चित्रात मंद लहर दिसू शकते. १/५० ठेवलं असतं, म्हणजे १७२.८ अंश, तर ती येत नाही. लहर असेल तर ब्रीफमध्ये वेगळी ओळ टाका, कारण ती घालवायला स्वतंत्र वेळ लागतो आणि हलणाऱ्या मागावर ती पूर्ण जाईलच असं नाही.

आता चादरीचा लाल. सगळ्यात जास्त मन इथे लावा, कारण तुमच्या प्रेक्षकांतला निम्मा सोलापूरकर असेल आणि तो चादर ओळखतो. कॅमेऱ्यात गडद लाल फार लवकर फुटतो. जकार्डची नक्षी, धाग्याची उठावदार वीण सगळी सपाट होऊन लाल डाग उरतो. याची दोन कारणं असू शकतात आणि त्यांतला फरक कळणं महत्त्वाचं आहे. एक, शूट करतानाच सेन्सरचा लाल भाग भरून गेला. दोन, मूळ फाइलमध्ये तपशील आहे, पण लॉगवरून साध्या टीव्ही-मोबाइलच्या रंगक्षेत्रात, म्हणजे रेक ७०९ मध्ये आणताना लाल त्या क्षेत्राबाहेर गेला. कसं ओळखायचं? रूपांतराचा एलयूटी, म्हणजे लॉगचे रंग बदलणारी तयार फाइल, काढून टाका, मूळ लॉग चित्र ठेवा आणि लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख दाखवणारी आरजीबी परेड उघडा. चादरीच्या जागी लाल रेषेचा वरचा काठ कात्रीने कापल्यासारखा सरळ असेल तर पहिलं कारण, आणि तपशील गेला. लॉगमध्ये त्या काठावर चढउतार असतील आणि एलयूटी लावल्यावरच तो सरळ होत असेल, तर दुसरं. मग काळजी नाही. लाल थोडा आवळून, थोडा काळोखा करून वीण परत आणता येते. ब्रीफमध्ये लिहा, ‘लाल जितका भडक तितका चांगला असं नाही. दोन धाग्यांमधली फट दिसली पाहिजे, तिथे थांबा.’

आणि खरी चादर पाठवा. गंमत म्हणून म्हणत नाही. तुम्ही जी शूट केलीय त्याच डिझाइनची जुनी चादर, किंवा तिचा हातभर तुकडा, कुरिअरने पुण्याला पाठवा. मी तीन कामांत हे केलंय. कलरिस्ट ती खिडकीशी दिवसाच्या उजेडात धरतो, त्याला तो लाल नारंगीकडे झुकतो की किरमिजीकडे, हे एका नजरेत कळतं. फोनवर काढलेला फोटो हे सांगू शकत नाही, कारण फोन लाल स्वतःच बदलतो. सोबत चिठ्ठी ठेवा की पांढरं सूत शुद्ध पांढरं नाही, किंचित दुधाळ आहे. नाहीतर तो त्या सुतालाच पांढऱ्याचं माप समजून सगळ्या शेडला थोडा निळा करेल. शूटच्या वेळी ग्रे कार्ड धरलं असेल तर ती क्लिप पहिली पाठवा.

दोन दिवसांची आखणी आधीच करून घ्या. पहिल्या सकाळी सगळा लघुपट सुरू करू नका. त्या तीन फ्रेमवरच दोन तास घालवा. त्या बसल्या की त्यांची स्टिल काढून ठेवायला सांगा, आणि त्यानंतर इंटरनेटच्या सगळ्या फ्रेम बंद करा. पुढचा प्रत्येक शॉट तुमच्याच या तीन स्टिलशी जुळवायचा. पुण्याला जाता येत नसेल, तर ती स्टिल मागवून घ्या आणि रात्री फोनवर पाहून लगेच मत देऊ नका. फोनचा नाइट मोड आणि रंग आपोआप बदलणारी सोय बंद करा, ब्राइटनेस एकाच ठिकाणी ठेवा, आणि तुमची स्टिल व रेफरन्स एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावा. दोन वेगळ्या स्क्रीनवर तुलना केली तर तुम्ही स्क्रीनचं मत कळवाल, ग्रेडचं नाही.

पहिली फेरी आली की एकदा न थांबता सगळं पाहा, दुसऱ्यांदा टाइमकोडसह लिहा. लिहिताना इलाज सांगू नका, काय खटकतं ते सांगा. ‘००:०२:१४ ला कॉन्ट्रास्ट वाढवा’ याऐवजी ‘००:०२:१४ ला बाबांच्या हाताआधी नजर खिडकीवर जाते, हात आधी दिसायला हवा’. कदाचित कलरिस्ट कॉन्ट्रास्टला हातही न लावता खिडकी थोडी बसवेल आणि काम होईल. तीन-चार ठिकाणी एकच तक्रार असेल तर ती एकदाच लिहा आणि टाइमकोड खाली जोडा, कारण त्याला मग एकच दुरुस्ती सगळ्या शॉटना एकदम लावता येते.

तुमच्या एडिटरने कामचलाऊ एलयूटी लावून एडिट केलं असेल, आणि तुम्ही महिनाभर तेच पाहिलं असेल, तर डोळ्यांना त्याची सवय झालेली असणार. त्या एडिटची एक कमी वजनाची फाइल कलरिस्टला पाठवा आणि त्यातलं काय तुम्हाला खरंच आवडतं ते एका ओळीत लिहा. काहीच आवडत नसेल तर तसंही लिहा. नाहीतर पहिली फेरी पाहून तुम्हाला ‘काहीतरी चुकलंय’ वाटेल आणि काय ते सांगता येणार नाही.

त्या तीन फ्रेमचे तीन परिच्छेद लिहून झाले की पाठवण्याआधी बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. शेडमधला उजेड त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलाय. त्यांनी एखाद्या ओळीला ‘असं नसतं’ म्हटलं, तर ती ओळ बदला आणि मगच चादरीच्या पाकिटात घाला.